बाटलीवर काय लिहिलंय?

वीस रुपयांची एक लिटरची पाण्याची बाटली हातात घ्या आणि लेबल फिरवून बारीक अक्षरांतला मजकूर शोधा. दहापैकी नऊ वेळा तिथे ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असं छापलेलं आढळेल. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ हे शब्द क्वचितच दिसतील. दुकानदार तिला मिनरल वॉटर म्हणतो, आपणही म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी पाणी आहेत. त्यांची मानकं वेगळी, उगम वेगळा आणि किंमतही वेगळी.

पहिल्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १४५४३. हे पाणी कुठूनही घेतलेलं चालतं. कूपनलिका, विहीर, नदी, अगदी नगरपालिकेचा नळसुद्धा. ते गाळायचं, बहुतेक ठिकाणी आरओतून काढायचं, अतिनील किरण आणि ओझोन यांनी निर्जंतुक करायचं आणि बाटलीत भरायचं. आरओमधून पाण्यातले क्षार जवळजवळ निघून जातात, म्हणून शेवटी थोडे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार परत मिसळतात. लेबलवर ‘विथ अ‍ॅडेड मिनरल्स’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच. दुसऱ्या पाण्याचं मानक आयएस १३४२८. हे पाणी एका ठरावीक झऱ्यातून किंवा भूगर्भातल्या स्रोतातून यायला हवं आणि स्रोताजवळच बाटलीत भरलं जायला हवं. त्याची मूळ खनिजरचना बदलेल अशी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. म्हणजेच ते आरओतून काढता येत नाही आणि वरून क्षारही घालता येत नाहीत.

एवढा फरक ध्यानात आला की पुढचा प्रश्न जरा सोपा होतो. घरी फिल्टर बसवायचा की जार मागवायचा, प्रवासात बाटली घ्यायची की घरचं पाणी न्यायचं, याचं उत्तर ब्रँडमध्ये शोधून सापडत नाही. आपल्या पाण्यात नेमका कोणता दोष आहे आणि आपण पैसे मोजतो ती प्रक्रिया तोच दोष काढते का, हे पाहावं लागतं.

लेबलवरच्या ओळी

लेबल वाचायची सुरुवात नावापासून नको. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतंच, आणि नावाजलेल्या ब्रँडमधलं एखादं अक्षर इकडचं तिकडे करून विकलेल्या बाटल्या आपल्याकडे बस स्थानकांवर पूर्वीपासून दिसतात. आधी पाण्याचा प्रकार पाहा, मग एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक शोधा. तो क्रमांक नुसता शोभेचा नाही. पहिला आकडा १ असेल तर परवाना आहे, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची साधी नोंदणी आहे. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा संकेतांक १५ आहे, त्यामुळे राज्य स्तरावर दिलेला इथला परवाना ११५ ने सुरू होतो. केंद्रीय परवाना असेल तर सुरुवात १०० ने होते. त्यापुढचे दोन आकडे परवाना दिला त्या वर्षाचे. हा क्रमांक एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर टाकला की उत्पादकाचं नाव आणि परवान्याची स्थिती दिसते. लेबलवर एक नाव आणि अ‍ॅपवर भलतंच नाव, किंवा परवाना केव्हाच संपलेला, असं दिसलं तर त्या बाटलीचा निकाल तिथेच लागला.

त्यानंतर आयएसआय चिन्ह. त्याच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. पॅकबंद पाण्यासाठी हे चिन्ह २००१ पासून सक्तीचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने ही अट आपल्या नियमांतून वगळली. मात्र त्यानंतर काही आठवड्यांतच पॅकबंद पाणी आणि मिनरल वॉटर दोन्ही ‘अतिजोखमीच्या’ अन्नगटात टाकली. त्यामुळे उत्पादकाच्या कारखान्याची दर वर्षी तपासणी व्हायला हवी. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की चिन्ह नाही म्हणून बाटली बेकायदा ठरत नाही, पण चिन्ह असेल आणि क्रमांक जुळत असेल तर एक जास्तीची चाळणी लागलेली आहे.

मग बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि ‘बेस्ट बिफोर’. पाणी शिळं होत नाही, मग मुदत कशाला, असं वाटतं. ही मुदत मुख्यतः बाटलीसाठी असते. पेट प्लॅस्टिकमधून काळाच्या ओघात, विशेषतः उन्हात, पाण्याला किंचित वास आणि चव येते आणि अँटिमनीसारखे घटक अगदी सूक्ष्म प्रमाणात उतरतात. सावलीत ठेवलेल्या बाटलीत हे प्रमाण मर्यादेच्या बरंच खाली राहतं. दुकानाबाहेर मे महिन्याच्या उन्हात थप्पी लावून ठेवलेले खोके आणि गाडीच्या काचेखाली आठवडाभर तापलेली बाटली मात्र टाळलेली बरी. तारीख लेसरने किंवा शाईने बाटलीवर वा झाकणाजवळ छापलेली असते. ती खोडलेली असेल, किंवा लेबलवरचा बॅच आणि बाटलीवरचा बॅच वेगळा असेल, तर बाटली पुन्हा भरलेली असण्याची शंका घ्यावी.

शेवटची ओळ ‘वापरानंतर बाटली चिरडा’ अशा अर्थाची असते. ती फक्त कचऱ्यासाठी नाही. अखंड रिकामी बाटली कोणीतरी गोळा करतं, पुन्हा भरतं आणि विकतं. म्हणून प्रवासात रिकामी बाटली चेंबवून, झाकण वेगळं करून टाकणं हा आपल्याला शक्य असलेला सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे.

खऱ्या मिनरल वॉटरमध्ये मिळतं काय?

मिनरल वॉटरच्या लेबलवर आणखी एक चौकट असते. त्यात उगमाचं नाव आणि ठिकाण, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट वगैरेंचं लिटरमागचं प्रमाण. भारतीय मानकानुसार अशा पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे १५० ते ७०० मिलिग्रॅमच्या दरम्यान हवेत. बाटली रोग बरा करते किंवा टाळते, असा दावा लेबलवर करता येत नाही.

या चौकटीचा उपयोग करून एक साधा हिशेब मांडता येतो. फ्रान्सच्या एव्हियन पाण्यात लिटरमागे सुमारे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. दिवसाला दोन लिटर एव्हियन प्यायलं तर १६० मिलिग्रॅम मिळतं. एक पेलाभर गाईचं दूध साधारण तीनशे मिलिग्रॅम देतं. म्हणजे केवळ कॅल्शियमसाठी आयात केलेलं पाणी विकत घेणं हा फारच महाग उपाय झाला. जर्मनीच्या गेरोलस्टाइनरमध्ये मात्र लिटरमागे जवळपास ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. तिथे हिशेब बदलतो, पण अशा पाण्याची चव सगळ्यांना रुचत नाही. युरोपात राहणाऱ्या किंवा तिथे फिरायला जाणाऱ्यांनी लेबलवर सोडियमचा आकडा जरूर पाहावा. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांसाठी लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमचं पाणी युरोपच्या नियमांत वेगळं दाखवलेलं असतं. कुठलंही मिनरल वॉटर सुरक्षित असतं ते खनिजांमुळे नव्हे. उगम जपलेला असतो आणि बाटली मोहोरबंद असते, म्हणून.

घरच्या नळाचे तीन दोष

घरच्या पाण्यात मुळात तीन तऱ्हेचे दोष असू शकतात. पहिला, जंतू. दुसरा, विरघळलेले पदार्थ: साधे क्षार, जडपणा, आणि त्यांत दडलेले नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक. तिसरा, गाळ, क्लोरिनचा वास, गंज. प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही, हीच गोष्ट विक्रेते सोयीस्करपणे गाळतात.

अतिनील दिवा जंतू मारतो, पण क्षार तसेच ठेवतो. शिवाय पाणी गढूळ असेल तर किरण पलीकडे पोचत नाहीत. अल्ट्राफिल्टरच्या पडद्यात जिवाणू अडकतात, वीजही लागत नाही, पण विरघळलेलं मीठ त्यातून आरपार जातं. कार्बन क्लोरिन आणि वास शोषतो. आरओ मात्र क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड बहुतांशी काढतो. त्याची किंमत म्हणजे पाण्याची नासाडी. घरगुती यंत्रात पिण्याच्या एका लिटरसाठी साधारण तीन लिटर पाणी मोरीत जातं. उकळल्याने जंतू मरतात, खळखळून एक मिनिट उकळलं तरी पुरे होतं. पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं.

आता विक्रेत्याची ती प्रसिद्ध करामत. तो दोन पेले मांडतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवतो आणि वीज सोडतो. दोन मिनिटांत नळाचं पाणी तांबडं-काळं होतं, वर फेस येतो, आरओचं पाणी स्वच्छ राहतं. घरातली मंडळी घाबरतात. खरी गोष्ट अशी आहे की त्यातली एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंजाचा गाळ तयार होतो. तो गाळ पाण्यातून नव्हे, कांडीतून येतो. आरओच्या पाण्यात वीजच वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तांबडं होईल.

टीडीएस मीटरचंही तसंच आहे. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू आहेत का, फ्लोराइड आहे का, कीटकनाशकं आहेत का, हे त्याला कळत नाही. नदीच्या दूषित पाण्याचा टीडीएस १५० असू शकतो आणि उत्तम विहिरीचा ४५०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ठरवतं. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतं. धरणाचं पाणी मुळात मऊ असतं. मुंबईला वैतरणा, तानसा, भातसा या तलावांचं पाणी भांडुप संकुलात शुद्ध होऊन येतं, पुण्याला खडकवासल्याचं येतं, आणि त्यांचे क्षार या मर्यादेच्या फार खाली असतात. अशा पाण्यावर आरओ लावला तर शंभरचे दहा होतात, चव सपक होते आणि मोरीत तिप्पट पाणी जातं. मिळवलं काय? जंतूंचा प्रश्न अतिनील दिव्याने किंवा अल्ट्राफिल्टरनेही सुटला असता.

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कूपनलिकेची गोष्ट वेगळी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड जास्त आहे. खतांचा भरपूर वापर असलेल्या शिवारात किंवा शोषखड्ड्याजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट वाढलेलं असतं. मर्यादा आहे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आणि ती ओलांडलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत वापरणं धोक्याचं. इथे आरओ खरोखरच कामाचा आहे. मात्र एक खबरदारी घ्या. बऱ्याच यंत्रांत चव येण्यासाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो आरओच्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. चव सुधारते खरी, पण ज्या फ्लोराइडसाठी यंत्र घेतलं तेही त्या वाटेने परत येतं. अशा भागात कंट्रोलर बंदच ठेवावा.

पुण्यातल्या एका घराचा हिशेब

समजा, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत चार माणसांचं घर आहे. महापालिकेचं पाणी तासभर येतं आणि जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. हे पाणी कधी बोअरचं, कधी कुठलं, विचारलं तर चालक सांगेल ते. पिण्यासाठी या घराला रोज सुमारे दहा लिटर पाणी लागतं.

घरच्यांनी आधी दोन स्वस्त चाचण्या कराव्यात. ग्रामपंचायतींना चांगली माहीत असलेली ओटी चाचणी पाण्यात क्लोरिन उरलाय का ते सांगते. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. दुसरी आहे एच-टू-एस बाटली. तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबेला ठेवतात. पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असल्याची शंका. समजा, सोसायटीच्या फाटकावरच्या मीटरजवळ ओटी चाचणी पिवळी आली आणि स्वयंपाकघरातल्या नळाला काहीच रंग आला नाही. याचा अर्थ महापालिकेने सोडलेला क्लोरिन टाकीतला गाळ आणि शेवाळ खाऊन टाकतंय. अशा वेळी नवं यंत्र घेण्याआधी टाकी रिकामी करून घासायची आणि टीसीएल पावडरने धुवायची. टाकीचं झाकण आणि मलवाहिनीची जवळीक हेही बघायचं.

मग टीडीएस. महापालिकेचं पाणी दीडशेच्या आत, टँकरचं सातशे. आता निर्णय असा: वर्षातले दहा महिने आरओची गरज नाही, दोन महिने आहे. त्यांना आरओ आणि अतिनील दोन्ही असलेलं यंत्र घ्यावंसं वाटेल. तरी त्याआधी टँकरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. नायट्रेट आणि फ्लोराइड मर्यादेत असतील तर सातशेचा टीडीएस दोन महिने चवीला त्रासदायक आहे, प्रकृतीला नव्हे. मग अतिनील आणि अल्ट्राफिल्टर असलेलं साधं यंत्र पुरतं.

पैशांचं गणितही मांडू. वीस रुपयांच्या बाटल्या घेतल्या तर रोज दोनशे, महिन्याला सहा हजार. वीस लिटरचा सीलबंद जार ऐंशी रुपयांना पडतो असं धरलं तर दहा लिटरला चाळीस, महिन्याला बाराशे. घरच्या यंत्राची देखभाल वर्षाला साडेतीन-चार हजार धरली तर महिन्याला सुमारे तीनशे. म्हणजे यंत्राची किंमत एक-दोन वर्षांत वसूल होते. अट एकच: मेणबत्ती, पडदा आणि दिवा वेळेवर बदलायचा. अतिनील दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतोच असं नाही, साधारण वर्षाने त्याची ताकद उतरते.

आणखी एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. फिल्टरमधल्या कार्बनने क्लोरिन काढला की पाण्याचा पहारेकरी गेला. नळाचं क्लोरिनयुक्त पाणी स्वच्छ हंड्यात दोन दिवस टिकतं, तेवढं फिल्टरचं टिकेलच असं नाही. ते रोजच्या रोज भरायचं, यंत्राची टाकी वेळोवेळी धुवायची, आणि आठवडाभर गावाला जाऊन आलो की आतलं पाणी सोडून द्यायचं.

जार आणि नाण्याचं पाणी

सिंहगड रस्त्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये याच परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि त्याआधी अनेकदा पोटाचा संसर्ग झालेला असतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. महापालिकेने भागातलं पाणी तपासलं तेव्हा जार भरून देणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुनेही दूषित निघाले आणि अशा अनेक प्रकल्पांवर कारवाई झाली. पाणी चवीला गोड होतं, थंड होतं, टीडीएसही कमी असणार. दोष होता तो जंतूंचा, आणि आरओनंतर पाण्यात क्लोरिन नव्हता.

आपल्याकडच्या लग्नकार्यांत आणि कार्यालयांत जे थंड पाण्याचे जार येतात, त्यांत दोन जाती आहेत. एकावर झाकणाला आवळलेलं प्लॅस्टिकचं सील, लेबल, बॅच आणि परवाना क्रमांक असतो. दुसरा म्हणजे कडीचा, नळ लावलेला, सील नसलेला जार. तो रोज परत जातो आणि पुन्हा भरून येतो. दुसऱ्याला लेबलच नसल्यामुळे कोणी, कधी, कशात भरलं हे कळण्याचा मार्ग नाही. गावोगावी उभी राहिलेली नाणं टाकून पाणी देणारी यंत्रंही याच जातीची. पाच रुपयांत वीस लिटर मिळतं, पण भांडं आपलं आणि देखभाल गावाची. तिथे पडदा शेवटचा कधी बदलला, टाकी कधी धुतली, पाण्याची जैविक चाचणी कधी झाली, हे तीन प्रश्न ग्रामपंचायतीला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. सीलबंद जार घरी आणला तरी पाणी काढण्याचा पंप किंवा डिस्पेन्सर धुतला नाही तर सगळं मुसळ केरात.

प्रवासात

प्रवासात आपण स्रोत तपासू शकत नाही, टाकी बघू शकत नाही. म्हणून तिथे सीलबंद बाटलीला खरी किंमत आहे. बाटली घेतली की आधी झाकण फिरवा. कड्या एकामागून एक तुटताना जाणवल्या पाहिजेत आणि खालची रिंग बाटलीच्या गळ्यात राहिली पाहिजे. मग ती उलटी करून हलकेच दाबा. झाकणाखालून किंवा तळातून थेंब आला तर परत द्या. उजेडात धरून आत तरंगणारं काही आहे का तेही पाहा. उघडलेल्या बाटलीत ओझोनचा मागमूस उरत नाही, म्हणून तोंड लावून प्यायलेली बाटली त्याच दिवशी संपवावी.

रेल्वेत ‘रेल नीर’ मागा. आयआरसीटीसीच्या कारखान्यांत हे पाणी भरलं जातं, त्यातला एक आपल्या अंबरनाथला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा रेल नीरची लिटरची बाटली पंधरावरून चौदा रुपयांवर आली, अर्ध्या लिटरची दहावरून नऊवर. विक्रेत्याने वीस मागितले आणि ‘सुट्टे नाहीत’ म्हटलं तर १३९ वर तक्रार होते.

हॉटेलात जेवताना बाटली विकत घ्यायची, पण ताकात, उसाच्या रसात किंवा सरबतात बर्फ घालून घ्यायचा, ही विसंगती अनेकांच्या लक्षात येत नाही. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग देण्याचा नियम २०१८ पासून आहे. निळसर बर्फ दिसला तर तो मासळी ठेवण्याचा समजा. पांढरा असला तरी तो कोणत्या पाण्याचा हे विचारल्याशिवाय घेऊ नका. घरून पाणी नेत असाल तर उकळून गार केलेलं, स्टीलच्या धुतलेल्या बाटलीत, दिवसभरात संपेल एवढंच न्या. मोठ्या मुक्कामाला जाताना जंतूंसाठी क्लोरिनच्या गोळ्या जवळ ठेवता येतात, पण त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातच नीट काम करतात. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळायचं आणि गोळीनंतर पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं.

बाटलीचं लेबल संशयास्पद वाटलं, किंवा सील उघडलेलं, पाण्यात काही तरंगताना दिसलं, तर पाणी न पिता बाटली तशीच ठेवावी. लेबलचा, बॅच क्रमांकाचा आणि झाकणाचा फोटो काढावा, पावती जपावी आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या नि:शुल्क क्रमांकावर कळवावं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रार टिकते ती बॅच क्रमांकावर. तो नसेल तर निरीक्षकाला कारखान्यातल्या नेमक्या कोणत्या मालापर्यंत पोचायचं हेच कळत नाही.